आदळणाऱ्या वजनाखाली लटकता दांडा : ताण, लांबीतील वाढ आणि आघात गुणक काढण्याची पद्धत

शंभर किलोचे वजन दांड्याला अलगद टांगले आणि तेच वजन बोटाच्या जाडीइतक्या उंचीवरून दांड्याच्या टोकावर सोडले, तर दुसऱ्या वेळी दांड्यात निर्माण होणारा ताण पहिल्या वेळेच्या दुप्पट किंवा चौपट नव्हे, तर तीस-चाळीस पट असू शकतो. हा आकडा ऐकून अनेकांना गणितात चूक झाल्याची शंका येते, परंतु तो खरा आहे. त्यामागचे कारण समजले की दांडा जाड करण्याचा नेहमीचा उपाय काही वेळा उलटा का पडतो, हेही समजते. या लेखात एकच उदाहरण घेऊन ते मोजमापापासून तपासणीपर्यंत नेले आहे.

उदाहरणाची मांडणी

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहतीत उष्णोपचाराच्या भट्टीचे दार वर-खाली सरकवण्यासाठी समतोल वजन वापरलेले आपण पाहिले असेल. दाराला बांधलेला तारदोर कप्पीवरून जातो आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला बिडाचे वजन असते. हे वजन हेलकावू नये म्हणून त्याच्या मध्यावर भोक पाडून ते एका उभ्या दांड्यात ओवलेले आहे असे समजू. दांडा वर गर्डरला नटाने टांगलेला आहे आणि त्याच्या खालच्या टोकाला कॉलर आहे. दार पूर्ण उघडले की वजन सर्वांत खाली येते आणि कॉलरच्या वर २० मिलिमीटर अंतरावर थांबते. या क्षणी तारदोर क्लॅम्पमधून निसटला, तर वजन २० मिलिमीटर खाली पडून कॉलरवर आदळेल आणि दांडा ताणला जाईल.

दांडा साध्या मऊ पोलादाचा, २० मिलिमीटर व्यासाचा आणि २ मीटर लांबीचा आहे. वजनाचा भार १००० न्यूटन, म्हणजे सुमारे १०२ किलो आहे. पोलादाचा यंगचा गुणांक २,००,००० मेगापास्कल आणि यील्ड ताण, म्हणजे जो ओलांडला की दांडा कायमचा लांबतो तो ताण, सुमारे २५० मेगापास्कल धरू. एक मेगापास्कल म्हणजेच एक न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, म्हणून सर्व लांब्या मिलिमीटरमध्ये आणि सर्व बले न्यूटनमध्ये ठेवली की एककांचा गोंधळ उरत नाही. या विषयातील बहुतेक चुका एकाच सूत्रात उंची सेंटिमीटरमध्ये आणि लांबीतील वाढ मिलिमीटरमध्ये लिहिल्यामुळे होतात, त्यामुळे हा नियम पहिल्या ओळीपासून पाळावा.

पहिली पायरी : स्थिर भाराचे उत्तर

आघाताचे गणित सुरू करण्याआधी तेच वजन कॉलरवर हळूच टेकवले तर काय होईल, हे काढावे, कारण पुढचे सारे गणित याच उत्तरावर उभे राहते. दांड्याच्या छेदाचे क्षेत्रफळ ३१४.२ चौरस मिलिमीटर येते. भाराला क्षेत्रफळाने भागले की स्थिर ताण ३.१८ मेगापास्कल मिळतो. या ताणाला लांबीने गुणून यंगच्या गुणांकाने भागले की लांबीतील स्थिर वाढ ०.०३१८ मिलिमीटर येते.

ताण यील्डच्या जवळपासही नाही, म्हणून स्थिर भाराचा विचार करणारा मनुष्य हा दांडा गरजेपेक्षा फारच जाड आहे असे म्हणेल. पण या पायरीतला महत्त्वाचा आकडा ताणाचा नसून वाढीचा आहे. दांडा भाराखाली जितका कमी लांबतो, तितकी पडणाऱ्या वजनाला थांबण्यासाठी कमी जागा मिळते आणि तितके त्याला थांबवणारे बल मोठे व्हावे लागते.

दुसरी पायरी : ऊर्जेचा ताळेबंद

W भाराचे वजन h उंचीवरून कॉलरवर येते आणि दांड्याला δ इतके लांबवून क्षणभर थांबते. या संपूर्ण प्रवासात गुरुत्वाने केलेले कार्य W(h + δ) इतके आहे, कारण दांडा लांबत असतानाही वजन खाली सरकतच असते. ही सारी ऊर्जा दांड्यात ताणऊर्जा म्हणून साठली असे मानले, तर दांड्यातील बल शून्यापासून P पर्यंत सरळ रेषेत वाढत गेल्यामुळे साठलेली ऊर्जा P आणि δ यांच्या गुणाकाराच्या निम्मी असते. ही दोन्ही कार्ये समान मांडून आणि P व δ यांचे नेहमीचे नाते वापरून वर्गसमीकरण सोडवले की पुढील सूत्र मिळते.

```
W(h + δ) = (1/2) P δ
δ = P L / (A E)
δst = W L / (A E)

K = 1 + sqrt(1 + 2h/δst)

P = K W,   σ = K σst,   δ = K δst
```

यात L ही दांड्याची लांबी, A छेदाचे क्षेत्रफळ, E यंगचा गुणांक आणि σ ताण आहे; st हे चिन्ह स्थिर भाराखालची किंमत दाखवते. K हाच आघात गुणक होय. स्थिर बल, स्थिर ताण आणि स्थिर वाढ या तिन्हींना त्याच एका गुणकाने गुणायचे असते. समीकरणाला दुसरे उत्तरही असते, ज्यात वर्गमुळापूर्वी उणे चिन्ह येते, पण आपल्याला दांड्याची सर्वांत मोठी वाढ हवी असल्याने ते येथे सोडून द्यावे.

h शून्य ठेवले, म्हणजे वजन कॉलरला नुसते टेकवून हात एकदम काढून घेतला, तर K बरोबर २ येतो. उंची नसतानाही ताण दुप्पट का होतो, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात, आणि तो योग्य प्रश्न आहे. वजन स्थिर समतोलाच्या जागी पोहोचते तेव्हा त्याला वेग आलेला असतो, म्हणून ते तिथे न थांबता तितकेच आणखी खाली जाते आणि मग थांबते. हळूच भार देताना हा वेग आपला हात किंवा चेन ब्लॉक शोषून घेतो. क्रेनचालकाने माल अलगद टेकवावा, या आग्रहामागे हाच दुपटीचा हिशेब आहे.

तिसरी पायरी : आकडे घालणे आणि पडताळणे

आपल्या उदाहरणात 2h म्हणजे ४० मिलिमीटर. त्याला ०.०३१८३ ने भागले की सुमारे १२५७ येतात, त्यात १ मिळवून वर्गमूळ घेतले की ३५.४६, आणि पुन्हा १ मिळवला की K ची किंमत ३६.४६ ठरते. त्यामुळे आघाताचा ताण ११६ मेगापास्कल, लांबीतील वाढ १.१६ मिलिमीटर आणि दांड्यातील सर्वांत मोठे बल सुमारे ३६,५०० न्यूटन होते. म्हणजे शंभर किलोच्या वजनाने क्षणभर साडेतीन टनांहून अधिक ओढ दिली.

हे उत्तर मूळ ऊर्जेच्या ताळेबंदात परत घालून पाहण्याची सवय लावून घ्यावी. १००० ला २०+१.१६ ने गुणले की २१,१६० न्यूटन-मिलिमीटर येतात. दुसरीकडे ३६,४६० आणि १.१६ यांच्या गुणाकाराचे निम्मे केले तरी साधारण तेवढेच येतात. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत, तर एकके किंवा वर्गमूळ यांपैकी एका ठिकाणी चूक आहे हे लगेच कळते.

या पडताळणीतून दुसरा उपयोगी आकडाही मिळतो. दांडा यील्डपर्यंत ताणला जाईपर्यंत किती ऊर्जा साठवू शकतो, हे काढण्यासाठी ताणाच्या वर्गाला यंगच्या गुणांकाच्या दुपटीने भागून दांड्याच्या घनफळाने गुणावे. आपल्या दांड्यासाठी ही क्षमता सुमारे ९८,००० न्यूटन-मिलिमीटर, म्हणजे ९८ जूल आहे. त्यामुळे हे वजन सुमारे ९५ मिलिमीटरपेक्षा अधिक उंचीवरून पडले, तर सूत्राप्रमाणे दांडा कायमचा लांबेल. ताण १२५ मेगापास्कलच्या आत ठेवायचा असेल, तर ही उंची केवळ २३ मिलिमीटर उरते. कार्यशाळेतील माणसाला ताणापेक्षा उंची सहज मोजता येते, म्हणून उत्तर नेहमी अशा परवानगीच्या उंचीत रूपांतरित करून द्यावे, असे माझे मत आहे.

उंची कोणती धरायची

वरील हिशेबात आपण दार उघडे असतानाची २० मिलिमीटर उंची घेतली. पण दार बंद असताना वजन वर गेलेले असते, आणि तेव्हा ते कॉलरच्या, समजा, ८०० मिलिमीटर वर आहे. तारदोर नेमका त्या वेळी तुटला तर? सूत्रात ८०० घातले की K सुमारे २२५ आणि ताण ७१७ मेगापास्कल येतो. हा आकडा खरा ताण म्हणून कोणी लिहू नये, कारण मऊ पोलादात तो गाठला जाण्यापूर्वीच यील्ड झालेले असते आणि ज्या सरळ रेषेच्या नात्यावर सूत्र उभे आहे, ते नातेच संपलेले असते. मात्र ऊर्जेचा हिशेब अजूनही बोलका आहे. पडताना मिळणारी ऊर्जा ८०० जूल आहे आणि दांडा लवचीकपणे ९८ जूलच साठवू शकतो. उरलेली ऊर्जा दांड्याच्या कायमच्या ताणण्यात किंवा तुटण्यात जाणार.

यंत्रणा रोज ज्या स्थितीत दिसते त्या स्थितीतली उंची धरणे ही या गणितातील सर्वांत धोकादायक चूक आहे. वजन कोणकोणत्या स्थितींत सुटू शकते याची यादी करून त्यांतली सर्वांत मोठी उंचीच घ्यावी.

जाड केल्याने काय होते

स्थिर भारात दांड्याची लांबी कितीही असली तरी ताण तोच राहतो. आघातात तसे नसते. इतर सारे तेच ठेवून दांडा ४ मीटरचा केला, तर २० मिलिमीटरच्या पडण्याने ताण ११६ वरून ८३ मेगापास्कलवर येतो, आणि अर्ध्या मीटरचा केला तर तो २२९ मेगापास्कलवर जातो. जास्त पोलाद म्हणजे ऊर्जा साठवायला जास्त जागा, असा येथे नियम आहे. मात्र ते पोलाद समान ताणाखाली काम करत असले पाहिजे.

ही अट किती महत्त्वाची आहे हे पाहण्यासाठी दांड्याचा खालचा निम्मा भाग दुप्पट क्षेत्रफळाचा, म्हणजे सुमारे २८ मिलिमीटर व्यासाचा केला असे समजा. पोलाद दीडपट झाले, पण जाड भाग कमी लांबतो. त्यामुळे एकूण स्थिर वाढ ०.०३१८ वरून ०.०२३९ मिलिमीटरवर येते, आघात गुणक ४१.९ होतो आणि उरलेल्या बारीक भागातील ताण ११६ वरून १३३ मेगापास्कलच्या पुढे जातो. मजबुतीसाठी खर्च केला आणि कमकुवत भाग अधिक धोक्यात आला.

प्रत्यक्षात असा बारीक भाग बहुतेक वेळा आट्यांचा असतो. आपल्या दांड्याचे वरचे टोक २० मिलिमीटरच्या साध्या मेट्रिक आट्यांचे असेल, तर आट्यांमधील ताण मोजण्याचे क्षेत्रफळ २४५ चौरस मिलिमीटर धरतात. आट्यांची लांबी ५० मिलिमीटर मानली, तर तिथला ताण सुमारे १४८ मेगापास्कल येतो, आणि आट्यांच्या तळाशी असलेल्या खाचेमुळे स्थानिक ताण त्याहून बराच मोठा असतो. आता आट्यांखालचा सारा दांडा लेथवर १७.६६ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे आट्यांइतक्याच क्षेत्रफळाचा केला, तर दांडा सर्वत्र सारखा लांबतो, गुणक ३२.३ वर उतरतो आणि आट्यांमधील ताण १३२ मेगापास्कल होतो. पोलाद काढून टाकून आट्या वाचवल्या! आघाताखाली काम करणाऱ्या बोल्टांचा मधला भाग बारीक ठेवतात त्यामागे हेच कारण आहे. बारीक भाग आणि आट्या जिथे मिळतात तिथे मात्र गोलसर उतार द्यावा, कारण तिथे लेथच्या हत्याराने तीक्ष्ण कोपरा राहिला, तर मिळवलेला फायदा त्या कोपऱ्यातच जातो.

अधिक मजबूत पोलाद वापरल्यास ताण कमी होत नाही, कारण सर्व पोलादांचा यंगचा गुणांक जवळजवळ सारखाच असतो. ताण तेवढाच राहून सहन करण्याची मर्यादा वाढते. यील्ड ताण दुप्पट असेल, तर लवचीक ऊर्जेची क्षमता चौपट होते. पण अशा पोलादावर खाचांचा परिणाम अधिक होतो, म्हणून आट्या आणि कोपरे यांची काळजी तिथे अधिकच घ्यावी लागते.

गर्डरची लवचीकता आणि सूत्राच्या मर्यादा

आतापर्यंत दांड्याचे वरचे टोक मुळीच हलत नाही असे मानले. खरा गर्डर थोडा वाकतो, आणि ही वाक स्थिर वाढीत मिळवायची असते. १००० न्यूटनच्या भाराखाली गर्डर मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका, म्हणजे ०.१ मिलिमीटर जरी वाकत असेल, तरी एकूण स्थिर विस्थापन ०.१३१८ मिलिमीटर होते, गुणक १८.४ वर येतो आणि दांड्यातील ताण ५९ मेगापास्कल, म्हणजे जवळजवळ निम्मा होतो. डोळ्याला न दिसणारी वाक उत्तर अर्ध्यावर आणते, म्हणून ती अंदाजाने धरू नये. डायल गेज लावून ज्ञात भाराखाली मोजावी. गर्डरच्या वाकेचा भरवसा धरून मोजलेला दांडा पुढे कोणी काँक्रीटच्या खांबाला टांगला, तर तो भरवसा नाहीसा होतो, हेही नोंदवून ठेवावे.

दुसऱ्या बाजूने, या सूत्राने दांड्याचे स्वतःचे वजन नगण्य मानले आहे. आपल्या दांड्याचे वस्तुमान सुमारे ५ किलो आणि पडणाऱ्या वजनाचे १०२ किलो असल्यामुळे हे गृहीतक मोठ्या प्रमाणात चालते. पण पोलादात ताणाची लाट सेकंदाला सुमारे ५ किलोमीटर वेगाने धावते आणि टांगलेल्या टोकावरून परत फिरते. या लाटांचा काटेकोर हिशेब केला, तर अशा प्रमाणात वरच्या टोकाशी येणारा ताण साध्या सूत्रापेक्षा सुमारे वीस टक्क्यांनी अधिक निघतो. म्हणजे आट्या असतात नेमक्या त्याच ठिकाणी सूत्र कमी बोलते. म्हणून सूत्राच्या उत्तरावर यील्ड ताणाला जेमतेम पुरणारा दांडा कधीही निवडू नये. पडणारे वजन दांड्याच्या वजनाच्या जवळपास असेल, तर हे सूत्र वापरूच नये.

स्प्रिंग बसवताना

८०० मिलिमीटरच्या पडण्यावर दांडा लांब किंवा बारीक करून उत्तर मिळणार नाही. तिथे कॉलरवर दाबली जाणारी स्प्रिंग बसवावी लागते. स्प्रिंगची ताठरता १०० न्यूटन प्रति मिलिमीटर घेतली, तर ती स्थिर भाराखाली १० मिलिमीटर दबते आणि एकूण स्थिर विस्थापन १०.०३ मिलिमीटर होते. त्याच सूत्रात हे घातले की K १३.७ येतो, दांड्यातील ताण सुमारे ४४ आणि आट्यांमधील ताण ५६ मेगापास्कल राहतो. सव्वादोनशेचा गुणक चौदाच्या आत आला.

पण त्यासाठी स्प्रिंगला १३७ मिलिमीटर दबावे लागते, आणि स्प्रिंग निवडताना नेमकी हीच गोष्ट सुटते. ताठरता बरोबर आहे, पण वेढे १०० मिलिमीटरवरच एकमेकांना टेकतात, अशी स्प्रिंग घेतली तर काय होते ते पाहा. तोपर्यंत वजन ९०० मिलिमीटर खाली आलेले असते आणि त्याने ९०० जूल ऊर्जा मिळवलेली असते. स्प्रिंगने त्यातील ५०० जूल घेतलेली असते. उरलेली ४०० जूल टेकलेल्या वेढ्यांतून दांड्यावर येते, आणि दांड्याची क्षमता ९८ जूलच आहे. म्हणून विक्रेत्याकडून ताठरतेसोबत वेढे टेकण्यापूर्वीचे उपलब्ध अंतरही लेखी घ्यावे आणि ते हिशेबातल्या अंतरापेक्षा दीड पट तरी असावे.

स्प्रिंग बसवल्यानंतर दांड्यावर मध्य पंचाने दोन खुणा बरोबर एक मीटर अंतरावर कराव्यात, मात्र त्या आट्यांपासून आणि कॉलरपासून दूर असाव्यात आणि खोल नसाव्यात. वजन एकदा जरी आदळले, तरी हे अंतर पुन्हा मोजावे. अंतर वाढलेले आढळले, तर दांड्याने यील्ड ओलांडला आहे आणि तो बदललाच पाहिजे. अंतर तेवढेच राहिले, तरी वरचा नट सोडून त्याच्या पहिल्या गुंतलेल्या आट्याची डाय पेनिट्रंटने, म्हणजे भेगेत शिरून ती दाखवणाऱ्या रंगीत द्रवाने, तपासणी करावी, कारण भेग सर्वांत आधी तिथे सुरू होते आणि ती लांबीच्या मोजमापात दिसत नाही. वेढ्यांच्या कडांवर एकमेकांना घासल्याच्या चकचकीत खुणा दिसल्या, तर स्प्रिंग पूर्ण टेकली होती असे समजून मोठ्या अंतराची स्प्रिंग बसेपर्यंत भट्टीचे दार त्या वजनावर चालवू नये.